मिक्स बसवर लिनिअर फेज की मिनिमम फेज? ठोक्याआधीचा नाद कसा ओळखायचा

पोवाड्याचं मिक्स जवळजवळ तयार आहे. शाहिराचा आवाज, तुणतुणं, झांज, हलगी आणि घुमकं. मिक्स बसवर ईक्यू लावला, त्यात Linear Phase असं बटण दिसलं, नाव भारदस्त वाटलं म्हणून ते दाबलं. मग लक्षात येतं की घुमक्याचा ठोका थोडा मऊ पडलाय, पण गेन तर कुठे बदललेला नाही. हे का होतं, कधी होतं आणि कधी अजिबात होत नाही, ते या लेखात क्रमाने पाहू. उदाहरण हलगी-घुमक्याचंच घेतलंय. कोल्हापुरात रेकॉर्डिंग करणाऱ्याकडे हा आवाज हमखास येतो, आणि या दोषाची इतकी चांगली परीक्षा दुसरं वाद्य क्वचितच घेतं.

आमचं मत आधीच सांगतो. मिक्स बसवर मिनिमम फेज हीच नेहमीची निवड असावी. लिनिअर फेज वापरायला ठराविक कारण लागतं, आणि ‘जास्त शुद्ध’ हे ते कारण नव्हे.

दोन्हींत नेमका फरक काय

कोणताही ईक्यू एखादी फ्रिक्वेन्सी वाढवतो किंवा कमी करतो, तेव्हा तो आवाजाला वेळेत थोडं पसरवतोच. या पसरण्याला रिंगिंग म्हणतात. ते टाळता येत नाही. ते कुठे पडावं, एवढंच आपल्या हातात असतं.

मिनिमम फेज ईक्यू हे सगळं रिंगिंग ठोक्याच्या नंतर टाकतो. जुने अॅनालॉग ईक्यू आणि डॉमध्ये सोबत मिळणारे बहुतेक साधे ईक्यू याच जातीचे. त्याची किंमत अशी की वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या प्रमाणात उशिरा पोचतात. यालाच फेज शिफ्ट म्हणतात.

लिनिअर फेज ईक्यूमध्ये सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर होतो, म्हणून त्यांचं एकमेकांशी नातं बिघडत नाही. पण त्यासाठी फिल्टर वेळेच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी सारखा असावा लागतो. म्हणजे जेवढं रिंगिंग ठोक्याच्या नंतर, तेवढंच आधी. हे आधीचं म्हणजे प्री-रिंगिंग. रंकाळ्यात दगड पडायच्या आधीच तरंग उठावेत, तसा हा प्रकार. खऱ्या वाद्यात असं कधी होत नसल्यामुळे ऐकू आलं, की कानाला ते खटकतं.

आता फेज शिफ्टचा बाऊ किती करायचा तेही पाहू. ३० हर्ट्झवर १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचे दोन साधे मिनिमम फेज हाय-पास एकापाठोपाठ लावले, तर ३० हर्ट्झचा आवाज सुमारे १५ मिलिसेकंद उशिरा येतो, ६० हर्ट्झचा साडेचार आणि १०० हर्ट्झचा दीड. त्याच्या वर हा उशीर नगण्य होत जातो. घुमक्याच्या खर्जाला चार मिलिसेकंदांचा धक्का बसला, तर मिक्समध्ये तो सहसा कुणाला कळत नाही. शिवाय मिक्स बसवर अख्खं गाणं एकाच ईक्यूतून जातं. ज्याच्याशी फेज भांडेल असा दुसरा सिग्नल तिथे नसतोच. हलगीचे दोन माइक असतील आणि त्यातल्या एकावरच ईक्यू लावला, तर फेजची काळजी जरूर करावी. मिक्स बसची गोष्ट वेगळी आहे.

प्री-रिंगिंग किती लांब पसरतं

यासाठी एक कच्चं पण कामाचं सूत्र आहे:

```
T = 2.2 × Q / f
```

यात f म्हणजे ईक्यूची फ्रिक्वेन्सी, Q म्हणजे बँड किती अरुंद आहे ते, आणि T म्हणजे रिंगिंग सुरुवातीच्या पातळीपासून ६० डीबी खाली जायला लागणारे सेकंद. लिनिअर फेजमध्ये साधारण एवढाच वेळ ठोक्याच्या आधीही लागतो.

१० किलोहर्ट्झचं शेल्फ, क्यू ०.७: उत्तर ०.१५ मिलिसेकंद. २८० हर्ट्झवर क्यू ०.८: सहा मिलिसेकंदांच्या थोडं वर. ३० हर्ट्झचा हाय-पास, क्यू ०.७: ५० मिलिसेकंदांच्या आसपास. घरातल्या विजेच्या गुणगुणीवर ५० हर्ट्झला क्यू १० चा नॉच लावला, तर ४४० मिलिसेकंद, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद!

आता हे आकडे कानाच्या स्वभावाशी ताडून पाहू. मोठ्या आवाजानंतर १०० ते २०० मिलिसेकंद बारीक आवाज झाकले जातात. म्हणून मिनिमम फेजचं नंतरचं रिंगिंग सहसा लपून जातं. मोठ्या आवाजाच्या आधीचं झाकण मात्र फार तोकडं असतं. जेमतेम पाच मिलिसेकंदांपर्यंत त्यावर भरवसा ठेवता येतो, आणि वीसच्या पलीकडे ते जवळजवळ उरतच नाही.

यावरून चित्र उघड होतं. वरच्या पट्टीत, रुंद बँडने आणि थोड्या डीबीचा बदल केला, तर प्री-रिंगिंग झाकणाच्या आत राहतं. तिथे लिनिअर फेज लावला काय आणि न लावला काय, या दोषाची भीती नाही. खर्जात गेलात, की ते झाकणाच्या बाहेर येतं.

हाय-पास जितका तीव्र, तितका आतला क्यू जास्त. बटरवर्थ जातीच्या २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह फिल्टरमधल्या सर्वांत अरुंद भागाचा क्यू सुमारे १.३ असतो, ४८ डीबीच्या फिल्टरमध्ये सुमारे २.५६. सूत्रात घालून पाहा: ३० हर्ट्झवर पहिल्याला ९६ आणि दुसऱ्याला १८८ मिलिसेकंद. ‘खालचा कचरा स्वच्छ कापू’ म्हणून उभी भिंत निवडणारे लोक हा हिशेब विसरतात.

स्वतः ऐकून पाहायची चाचणी

दोन प्लगइनची तुलना करून फसायला होतं, कारण दोघांचे वक्र तंतोतंत सारखे नसतात. कान मग फेजऐवजी टोनमधला फरक ऐकतो. त्यापेक्षा कोणत्याही डॉमध्ये, फक्त साध्या मिनिमम फेज ईक्यूने करता येणारी चाचणी सांगतो. तिच्यात दोन्ही बाजूंचा वक्र हुबेहूब एक असतो आणि फरक फक्त वेळेचा उरतो.

१. घुमक्याचा एकच ठोका घ्या. ठोक्याच्या आधी आणि तो पूर्ण विरल्यानंतर एक-एक सेकंद निव्वळ शांतता जोडा. खोलीचा आवाज असलेली शांतता चालणार नाही, सॅम्पल शून्य हवेत. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट. एमपी३ अजिबात नको. व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइलही नको, कारण कॉम्प्रेशनमुळे ठोक्याच्या आधी वेगळीच कुजबुज तयार होते आणि आळ ईक्यूवर येतो.

२. त्यावर ३० हर्ट्झचा, १२ डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास लावून रेंडर करा. मिळालेल्या फाइलवर तोच फिल्टर पुन्हा लावून पुन्हा रेंडर करा. ही पहिली फाइल, मिनिमम फेजची.

३. आता मूळ ठोका पुन्हा घ्या. तोच हाय-पास एकदा लावून रेंडर करा. ती क्लिप उलटी करा, म्हणजे रिव्हर्स. त्या उलट्या क्लिपवर तोच फिल्टर लावून रेंडर करा आणि निकाल परत सुलटा करा. ही दुसरी फाइल.

दुसऱ्या फाइलमध्ये पहिल्या फेरीचा उशीर उलट्या फेरीने भरून निघतो, आणि तिचं रिंगिंग ठोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरतं. लिनिअर फेज ईक्यू करतो ते हेच. दोन्ही फाइलींत ३० हर्ट्झ सारखाच, सहा डीबीने खाली असतो. आवाजाची पातळी जुळवत बसायची गरज नाही.

४. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवून ठोक्याच्या आधीचे १०० मिलिसेकंद मोठे करून बघा. पहिलीत सपाट रेष दिसेल. दुसरीत ठोक्याकडे चढत जाणारी संथ लाट दिसेल.

५. आता डोळे मिटून ऐका, आणि कोणती फाइल चालू आहे ते दुसऱ्या कुणाला निवडू द्या. पाच इंची स्पीकरवर ३० ते ६० हर्ट्झचा भाग नीट येतच नाही. शिवाय मागे भोक असलेले स्पीकर खर्ज स्वतःच उशिरा सोडतात. म्हणून ही चाचणी बऱ्या बंद हेडफोनवर करा, आणि आवाज रोजच्या मिक्सिंगएवढाच ठेवा.

फरक कळला नाही तर तेही उत्तरच आहे. मग कट-ऑफ ४५ हर्ट्झवर न्या किंवा फेऱ्या दुप्पट करा, म्हणजे एका दिशेने दोन आणि उलट्या दिशेने दोन. तुलना खरी राहावी म्हणून पहिल्या फाइललाही चार सुलट्या फेऱ्या द्या. ऐकायचं काय? ठोक्याच्या आधी श्वास ओढल्यासारखा फुगवटा. टेप उलटी फिरवल्यावर आवाज जसा वाढत येतो, त्याचा अगदी छोटा तुकडा. काहींना तो वेगळा ऐकू येत नाही, फक्त ठोका ‘बसल्यासारखा’ वाटतो, त्याची धार गेलेली असते. एकदा ओळखता आलं, की पुढे पटकन कळतं.

इम्पल्सच्या चित्राने फसू नका

प्री-रिंगिंग दाखवायला बहुतेकजण एका सॅम्पलचा टोचा, म्हणजे इम्पल्स, ईक्यूतून काढून त्याचं चित्र पाहतात. तशी फाइल बनवायला एवढं पुरतं:

```python
import numpy as np
from scipy.io import wavfile
x = np.zeros(96000, dtype=np.float32)
x[48000] = 0.5
wavfile.write("impulse.wav", 48000, x)
```

दोन सेकंदांची फाइल, बरोबर मध्यावर उणे ६ डीबीचा टोचा. प्लगइनमधून रेंडर केल्यावर टोचा एका सेकंदावरच राहिला, तर डॉने लेटन्सी नीट भरून काढली असं समजावं. एवढ्यासाठी ही चाचणी उत्तम आहे.

ऐकू येण्याचा अंदाज मात्र या चित्रावरून उलटाच होतो. इम्पल्समध्ये सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या भरलेल्या असतात, आणि ३० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे २४,००० पैकी फक्त ३०. म्हणून ३० हर्ट्झच्या हाय-पासची लाट चित्रात टोच्याच्या साधारण ५८ डीबी खाली असते. डोळ्याला ती दिसतच नाही आणि माणूस निर्धास्त होतो. उलट १० किलोहर्ट्झवरचा तीव्र लो-पास चित्रात दोन्ही बाजूंना भयंकर कंगोरे दाखवतो, पण त्याचं प्री-रिंगिंग मिलिसेकंदाच्या आसपासच संपतं आणि झाकलं जातं. चित्रात जे भीतीदायक ते कानाला निरुपद्रवी, आणि जे निरुपद्रवी दिसतं ते घुमक्यावर उघडं पडतं. कारण घुमक्याची ताकद खर्जातच असते, आणि फिल्टर नेमका तिथेच काम करतो.

आणखी एक सावधगिरी. काही एडिटर सॅम्पलच्या मधली रेष स्वतः गुळगुळीत करून काढतात. त्यामुळे ईक्यू न लावताही टोच्याच्या बाजूला बारीक तरंग दिसतात. प्रत्यक्ष सॅम्पलचे ठिपके दिसेपर्यंत झूम करून खात्री करा.

पोवाड्याच्या मिक्सचा हिशेब

आता सुरुवातीच्या मिक्सकडे येऊ. मिक्स बसवर तीन बदल हवेत असं धरू: ३० हर्ट्झचा २४ डीबीचा हाय-पास, २८० हर्ट्झवर क्यू ०.८ ने दीड डीबी कमी (हलगी आणि आवाज मिळून तिथे गोंधळ करतात), आणि १० किलोहर्ट्झच्या शेल्फवर दीड डीबी जास्त, झांज आणि तुणतुण्याच्या तारेसाठी.

शेल्फ सोडून द्या. त्याचं प्री-रिंगिंग मिलिसेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात संपतं.

२८० चा कट पाहा. वेळ सहा मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे झाकणाच्या काठावर. पण बदल दीडच डीबीचा आहे. दीड डीबीचा कट म्हणजे त्या पट्टीतल्या आवाजातला सुमारे १६ टक्के भाग वजा करणं, म्हणजे फिल्टरने घातलेला बदल मुळातच १६ डीबी खाली आहे. लिनिअर फेजमध्ये त्यातला निम्माच ठोक्याच्या आधी जातो, म्हणजे आणखी सहा डीबी खाली. बावीस डीबी खाली सुरू होऊन सहा मिलिसेकंदांत विरणारी गोष्ट हलगीच्या कडक काठीसमोर ऐकू येणं कठीण. हाच कट क्यू ६ आणि आठ डीबीचा केलात, तर वेळ ४७ मिलिसेकंद होतो, आणि वजा होणारा भाग ६० टक्क्यांवर जातो. तो ऐकू येईल. असा कट मिक्स बसवर लागतोय, याचाच अर्थ कुठल्या तरी एका ट्रॅकवरचं काम राहून गेलंय.

उरला हाय-पास, आणि गडबड तिथेच आहे. ठोक्याच्या आधी ९६ मिलिसेकंदांपर्यंत पसरलेली लाट. पण ती सगळीकडे सारखी ऐकू येत नाही. हलगी-घुमकं जोरात चालू असताना प्रत्येक ठोक्याच्या आधी मागच्या ठोक्याची शेपटी असते. १२० च्या लयीत एका मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे ही लाट मागच्या आवाजातच बुडून जाते. दोष उघडा पडतो तो शाहीर एकटा गातो, तुणतुण्याची बारीक तार चालू आहे, मग क्षणभर थांबून हलगी-घुमकं एकदम कोसळतं, अशा जागी. पोवाड्यात अशा जागा भरपूर. गाण्याच्या अगदी पहिल्या ठोक्यालाही तेच. म्हणून तपासताना गच्च भरलेलं कडवं लूपवर ऐकून काही उपयोग नाही. शांततेनंतरचे ठोके शोधा, तेवढेच ऐका.

यात भर घालतो लिमिटर. ईक्यूच्या पुढे लिमिटर असेल आणि तो ठोक्याला सहा डीबी खाली दाबत असेल, तर ठोका दबतो, पण त्याच्या आधीची लाट दाबली जात नाही. लिमिटरचं लुकअहेड काही मिलिसेकंदांचंच असतं. म्हणजे ठोक्याच्या तुलनेत प्री-रिंगिंग सहा डीबी वर येतं. ईक्यू लावला तेव्हा ठीक वाटलं आणि मास्टर झाल्यावर ठोके मऊ झाले, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. तपासणी नेहमी लिमिटर चालू ठेवून करा.

मोजायचं असेल तर अशा एका ठोक्याच्या आधीचे १०० मिलिसेकंद कापून वेगळे काढा आणि त्यांची पीक पातळी ठोक्याच्या पीकशी ताडा. ईक्यू बंद ठेवून काढलेल्या फाइलमध्येही तोच तुकडा मोजा, कारण तिथे तुणतुण्याचा आवाज आधीच असेल. ईक्यूमुळे वाढलेली लाट ठोक्याच्या ६० डीबी खाली असेल, तर विसरून जा. ३० ते ४० डीबीच्या आसपास असेल आणि ठोक्याच्या आधी वीस-पन्नास मिलिसेकंदांवर दिसत असेल, तर कानाने पुन्हा तपासा. हे आकडे नियम म्हणून नाहीत, कुठे कान लावायचा हे कळण्यासाठी आहेत.

या मिक्सवर निर्णय सोपा आहे. हाय-पास मिनिमम फेज ठेवा, आणि खरंच लागत असेल तर १२ डीबीचाच. एक गोष्ट मात्र बघा: मिनिमम फेज हाय-पासने फेज फिरल्यामुळे लाटेचा आकार बदलतो, आणि खालचा भाग कापूनसुद्धा पीक वर जाऊ शकतं. आधीच दाबलेल्या मिक्सवर हे जास्त होतं. म्हणून हाय-पास लिमिटरच्या आधी लावा, नंतर कधीही नाही. उरलेले दोन्ही बँड त्याच मिनिमम फेज ईक्यूत राहू द्या. त्यांच्यासाठी लिनिअर फेज उघडून मिळण्यासारखं काही नाही.

लिनिअर फेज कुठे खरंच लागतो

मिक्स बसवर त्याचं खरं काम मिड-साइडमध्ये आहे. मिडला एक ईक्यू आणि साइडला दुसरा असं केलं, तर दोघांचा फेज वेगळा फिरतो. नंतर त्यांची बेरीज-वजाबाकी करून डावा आणि उजवा तयार होतो. फेज जुळत नसल्याने एका बाजूला ठेवलेली झांज थोडी दुसऱ्या बाजूला गळते, तिची जागा धूसर होते. फक्त साइडवर १२० हर्ट्झचा हाय-पास लावणं हे नेहमीचं उदाहरण. मिनिमम फेजमध्ये त्याचा परिणाम कट-ऑफच्या वर काहीशे हर्ट्झपर्यंत जाणवतो. इथे लिनिअर फेज घ्या, पण स्लोप १२ डीबीच्या पुढे नको. क्यू ०.७ धरला तर लाट सुमारे १३ मिलिसेकंदांची होते, आणि साइडमध्ये सहसा घुमकं नसतंच. घुमकं मधोमध ठेवलेलं असेल, तर प्री-रिंगिंगला खाद्यच मिळत नाही.

दुसरी जागा पॅरलल बसची. मिक्सची एक प्रत ईक्यू करून मूळ मिक्समध्ये मिसळत असाल, तर मिनिमम फेजमुळे दोन्ही प्रती काही ठिकाणी एकमेकींना खातात. तिथेही लिनिअर फेज योग्य, खर्जातले तीव्र कट टाळून.

काही ईक्यूंमध्ये Natural Phase अशी मधली सोय असते. नाव काहीही असलं तरी वरच्या चाचणीतला घुमक्याचा ठोका, उलटा न करता, त्यातूनही रेंडर करून बघा. ठोक्याच्या आधी लाट दिसते की नाही, ते तिथेच कळेल.

लिनिअर फेज लावायचाच असेल तर

आधी डॉमधलं लेटन्सी कॉम्पेन्सेशन चालू आहे का ते बघा. लिनिअर फेज फिल्टर आपल्या लांबीच्या निम्म्याने आवाज उशिरा देतो. ८,१९२ सॅम्पलचा फिल्टर म्हणजे ४,०९६ सॅम्पल उशीर, ४८ किलोहर्ट्झवर ८५ मिलिसेकंद. रेकॉर्डिंग चालू असताना तो मिक्स बसवर राहिला, तर गायकाला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून येतो. थेट कार्यक्रमाच्या मिक्सरवर याच कारणाने तो बाद.

मग रिझोल्यूशन किंवा क्वालिटीचं सेटिंग. कमी ठेवलं की फिल्टर आखूड होतो, आणि त्याच्या लांबीबाहेर प्री-रिंगिंग जाऊच शकत नाही. ऐकायला हा फायदा वाटतो. पण १,०२४ सॅम्पलचा फिल्टर ४८ किलोहर्ट्झवर सुमारे ४७ हर्ट्झच्या पायरीनेच विचार करू शकतो. त्याला ३० हर्ट्झचा कट सांगितला, तर पडद्यावरची रेष एक दाखवते आणि आवाजाला भलतंच काही होतं. ८,१९२ ला ही पायरी सुमारे सहा हर्ट्झची होते. म्हणून १०० हर्ट्झच्या खाली काही करणार असाल तर रिझोल्यूशन वर ठेवा. प्री-रिंगिंग कमी करायचं असेल तर स्लोप आणि क्यू कमी करा. फिल्टर आखूड करून ते साधू नका.

लिनिअर फेज बँडवर ऑटोमेशन लिहू नका. नॉब फिरला की पूर्ण फिल्टर नव्याने मोजावा लागतो, आणि बऱ्याच प्लगइनमध्ये त्याच्या पायऱ्या ऐकू येतात.

५० हर्ट्झची गुणगुण मिक्स बसवर लिनिअर नॉचने कधीही काढू नका. अर्ध्या सेकंदाचा हिशेब वर आलाच आहे. घुमक्याचा खर्जही ५० हर्ट्झच्या आसपास असेल, तर प्रत्येक ठोक्याच्या आधी एक हुंकार उमटतो. गुणगुण ज्या ट्रॅकवर आहे तिथेच मिनिमम फेज नॉचने काढा, गरज पडल्यास १०० आणि १५० वरही. त्याहून बरं म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी अर्थिंग आणि केबल तपासणं.

शेवटचं, रेंडरचं. फाइल बरोबर पहिल्या ठोक्यावर सुरू केली, तर त्याच्या आधीची लाट मध्येच कापली जाते आणि सुरुवातीला बारीक ‘टिक्’ येऊ शकतो. पहिल्या आवाजाच्या आधी किमान २०० मिलिसेकंद मोकळे ठेवून रेंडर करा, शेवटीही तेवढेच सोडा, आणि कापणी नंतर छोट्या फेडने करा.